कन्सल्टन्सीला ‘फक्त तुमच्यामार्फतच’ असं लिहून देण्याआधी

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत दोन-तीन वर्षं काढली की पुढची नोकरी बहुतेकांना पुण्याच्या बाजूला दिसू लागते: शिरवळ, चाकण, रांजणगाव, हिंजवडी. नोकरी डॉट कॉमवर सीव्ही टाकला की आठवडाभरात कन्सल्टन्सीचे फोन सुरू होतात. त्यातल्या एखाद्या फोननंतर मेल येतो : ‘या जागेसाठी तुमची उमेदवारी फक्त आम्हीच कंपनीपुढे मांडू, हे मान्य असल्याचं उत्तर द्या.’ आयटीतली मंडळी याला ‘आरटीआर’ म्हणतात, म्हणजे राइट टू रिप्रेझेंट. इतर क्षेत्रांत ‘कन्फर्मेशन मेल’, ‘कन्सेंट’ किंवा ‘अंडरटेकिंग’ असं काहीही नाव असतं. बहुतेक मुलं-मुली न वाचता ‘येस, कन्फर्म्ड’ लिहून मोकळी होतात.

मी भरतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना काम केलं आहे, कन्सल्टन्सीतही आणि कंपनीच्या एचआरमध्येही. त्यामुळे अशा मेलला नाहीच म्हणा, असं मी सांगणार नाही. योग्य शब्दांत दिलेली संमती उमेदवाराच्याही उपयोगाची असते. पण ती कशासाठी दिली, कुठवर दिली आणि किती दिवसांसाठी दिली, हे ठरवून घ्यायचं काम उमेदवाराचं आहे. त्यासाठी काय विचारायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी हे कळू द्या : ते एकाधिकार का मागतात

कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, तेही तुम्ही रुजू झाल्यावर. आपल्याकडे नेहमी कानावर येणारा दर म्हणजे वार्षिक पॅकेजच्या 8.33 टक्के, अर्थात एका महिन्याचा पगार. जागा अवघड असेल तर दर वाढतो. तुमचं नवं पॅकेज सहा लाखांचं ठरलं, तर या दराने कन्सल्टन्सीचं बिल साधारण पन्नास हजारांचं होतं. एकाच जागेसाठी कंपनीने तीन-चार कन्सल्टन्सींना सांगितलेलं असतं. तुमचा सीव्ही ज्यांच्याकडून आधी आला, बिल त्यांचं, असा सर्वसाधारण नियम असतो. म्हणून त्यांना घाई असते आणि म्हणूनच त्यांना तुमचं ‘फक्त तुम्हीच’ हवं असतं.

यात गैर काही नाही. कन्सल्टन्सीतल्या मुलीने तुमचा सीव्ही नीट लावून, तुमच्याशी तीनदा बोलून मुलाखत ठरवली आणि तुम्ही शेवटी दुसऱ्याच्या नावाने आत गेलात, तर तिची मेहनत वाया जाते. अडचण वेगळीच आहे. गरज एका जागेपुरती असते आणि मागणी पुष्कळदा तुमच्या सगळ्या नोकरीशोधाची केली जाते.

पहिला प्रश्न : कंपनी कोणती, जागा कोणती?

‘ऑटो सेक्टरमधली नामांकित एमएनसी, लोकेशन पुणे’ एवढ्या माहितीवर संमती देऊ नका. कंपनीचं नाव, पदाचं नाव, प्लांट कुठला, आणि असेल तर जागेचा क्रमांक, इतकं मेलमध्ये लिहून मागा. मोठ्या कंपन्या प्रत्येक जागेला क्रमांक देतात आणि तो त्यांच्या करिअर पानावरही पुष्कळदा दिसतो. तिथे जाऊन ती जागा खरंच उघडी आहे का, ते पाहून घ्या.

कन्सल्टन्सी म्हणेल, नाव सांगितलं तर तुम्ही थेट अर्ज कराल. ही भीती खरी आहे, तिचा मान ठेवा. सांगा की नाव कळल्यापासून चोवीस तासांत मी हो किंवा नाही कळवतो, आणि हो म्हटलं तर या जागेसाठी दुसरीकडून जाणार नाही. एवढ्यावरही नाव मिळत नसेल, तर बहुधा त्यांच्याकडे ती जागा थेट आलेलीच नाही. कुणा मोठ्या कन्सल्टन्सीने ती पुढे ढकलली आहे आणि हे तिसऱ्या हाताने सीव्ही गोळा करत आहेत. म्हणून लगेच विचारा, ‘तुमचा या कंपनीशी थेट करार आहे, की मध्ये आणखी कोणी आहे?’ मधे जितके हात, तितकं तुमचं नाव दोनदा पोचण्याचं भय जास्त, आणि मुलाखतीचं काय झालं ते कळायला उशीरही तितकाच.

दुसरा प्रश्न : एकाधिकार नेमका कशावर?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मेलमधलं किंवा कागदावरचं ते एकच वाक्य सावकाश वाचा. त्याचे तीन प्रकार असतात आणि दिसायला ते जवळजवळ सारखे असतात.

‘या कंपनीतल्या या पदासाठी आम्ही तुमची उमेदवारी मांडू’, हा पहिला प्रकार. हा देण्यासारखा आहे. ‘या कंपनीत तुमची उमेदवारी फक्त आमच्यामार्फत’, हा दुसरा. इथे पद गळून पडलं. म्हणजे त्यांनी तुम्हाला क्वालिटीच्या जागेसाठी पाठवलं, ते जमलं नाही, आणि चार महिन्यांनी तुमच्या मावसभावाने त्याच कंपनीच्या प्रॉडक्शनमधल्या जागेसाठी तुमचं नाव आतून सुचवलं, तरी कन्सल्टन्सी हक्क सांगू शकते. तिसरा प्रकार म्हणजे ‘कराराच्या काळात उमेदवार इतर कोणत्याही संस्थेमार्फत किंवा स्वतः नोकरीसाठी अर्ज करणार नाही’. हा तुमचा सगळा शोध त्यांच्या हातात देतो, आणि बदल्यात ते काय देणार, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं.

तिसरा प्रकार समोर आला तर सरळ विचारा, या काळात तुम्ही मला किती कंपन्यांपुढे नेणार आहात, आणि त्या कोणत्या? वरिष्ठ पदांसाठी काम करणारे लोक याचं उत्तर देऊ शकतात. दोन-तीन वर्षांच्या अनुभवाच्या उमेदवारासाठी कोणतीही कन्सल्टन्सी असं काम करत नाही. तिच्याकडे जागा येतात, जागेनुसार ती माणसं शोधते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत सगळ्या शोधाचा एकाधिकार कुणालाही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या प्रकारातही तीन गोष्टी वगळून घ्या : तुम्ही आधीच केलेले अर्ज, ओळखीच्या माणसाने कंपनीच्या आतून दिलेलं नाव, आणि रोजगार मेळाव्यात किंवा कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून झालेली भेट. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, त्यांचे मेळावे होत असतात. तिथे भेटलेल्या कंपनीवर उद्या कुणी कन्सल्टन्सीने दावा सांगायला नको.

तिसरा प्रश्न : किती दिवस?

इथे दोन वेगवेगळ्या मुदती असतात आणि नवख्या माणसाला त्यातली एकच दिसते. पहिली, तुमच्या संमतीची. ती तीस दिवसांची असावी, फार तर पंचेचाळीस. तेवढ्यात कंपनीकडून काहीच कळलं नाही तर संमती आपोआप संपते, हे मेलमध्ये लिहा.

दुसरी मुदत कंपनी आणि कन्सल्टन्सी यांच्यातल्या करारात असते. एकदा तुमचा सीव्ही कंपनीच्या सिस्टिममध्ये त्यांच्या नावावर चढला की काही महिने तो उमेदवार ‘त्यांचा’ धरला जातो. हा काळ सहा महिन्यांचा असू शकतो, वर्षाचाही. तुमची सही त्या करारावर नसते, पण परिणाम तुमच्यावर होतो : या काळात तुम्ही थेट अर्ज केलात तरी एचआरच्या पडद्यावर त्यांचंच नाव येतं. म्हणून विचारा, ‘माझा सीव्ही दिल्यावर त्या कंपनीत तो किती काळ तुमच्या नावावर राहील?’ उत्तर ‘वर्षभर’ असेल तर फक्त घाईपोटी, न आवडणाऱ्या जागेसाठी, त्या कंपनीकडे नाव जाऊ देऊ नका. पुढच्या महिन्यात तिथेच तुम्हाला हवी ती जागा निघू शकते.

चौथा प्रश्न : माझ्या नावाने काय पाठवणार?

कन्सल्टन्सी सीव्हीची मांडणी बदलते, वर आपलं बोधचिन्ह लावते, तुमचा मोबाइल नंबर काढून टाकते. एवढं चालतं. पण कधी कधी अनुभव अडीचचा तीन वर्षं होतो, न वापरलेलं सॉफ्टवेअर कौशल्यांच्या यादीत येतं, नोटीस पिरियड साठ दिवसांचा तीस होतो. मुलाखतीत समोरचा माणूस त्या ओळीवर बोट ठेवतो आणि खोटे तुम्ही ठरता. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत हे निघालं तर दिलेली ऑफरही मागे घेतली जाते.

म्हणून दोन मागण्या करा. कंपनीला जाणारा सीव्ही जाण्याआधी मला दाखवा, आणि सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड यांचे जे आकडे भरणार ते मेलवर लिहा. अपेक्षित पगाराकडे विशेष लक्ष द्या. तुम्ही फोनवर ‘सहापर्यंत बघू’ म्हणालात आणि त्यांनी जागा पटकन भरावी म्हणून पाच लिहिलं, तर पुढची सगळी बोलणी पाचपासून सुरू होतात.

त्याबरोबर हेही विचारा, की तुमचा सीव्ही प्रत्येक नव्या जागेसाठी देण्याआधी ते पुन्हा विचारणार का. एकदाची संमती सगळ्या जागांना लागू धरणारे पुष्कळ आहेत.

पैशांचं, थोडक्यात

देशातल्या नोकरीसाठी कन्सल्टन्सीचे पैसे कंपनीने द्यायचे असतात. नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, ‘रुजू झाल्यावर परत’ म्हणून घेतलेलं डिपॉझिट, किंवा मार्कशीट आणि सर्टिफिकेट मूळ प्रतीत ठेवून घेणं, यातलं काहीही एकाधिकाराच्या कागदाबरोबर आलं तर तिथून उठा. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या.

परदेशातल्या नोकरीचं दालन वेगळं आहे. तिथे 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटची नोंदणी असावी लागते आणि ती `emigrate.gov.in` वर तपासता येते. ती नसेल तर पुढचे प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र विचाराच : मी कंपनीच्या पेरोलवर असेन की तुमच्या? ‘थर्ड पार्टी पेरोल’ असेल तर ही कन्सल्टन्सी उद्या तुमची मालक होणार आहे. मग पगारपत्रक, पीएफ, काम संपल्यावर काय, हे सगळं विचारावं लागेल. असा करार फक्त ‘कन्फर्म’ मेलवर उरकू नये.

सोडायचं झालं तर?

साध्या मेलवर दंडाचा उल्लेख नसतो. तो येतो छापील अंडरटेकिंगमध्ये, पुष्कळदा स्टँप पेपरवर : ‘उमेदवाराने अटीचा भंग केल्यास एक लाख रुपये भरपाई.’ स्टँप पेपर बघून घरचे घाबरतात आणि मेलला किंमत देत नाहीत. मेलवरचा होकारही कराराचाच होकार असू शकतो, हे ध्यानात ठेवा. स्टँप नाही म्हणून तो हलका होत नाही.

कायदा इथे बराचसा तुमच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे कुणाला कायदेशीर नोकरी-धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. पण करार चालू असताना घातलेली मर्यादित बंधनं न्यायालयांनी मान्य केलेली आहेत, म्हणून ‘कलम 27 आहे, काहीही सही करा’ हा सल्ला ऐकू नका. कलम 74 दंडाबद्दल आहे : कागदावर रक्कम कितीही मोठी असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेच्या आतली. पन्नास हजारांच्या बिलासाठी एक लाखाचा दंड लिहून घेणाऱ्याला तो तसाच्या तसा मिळेल, असं नाही. तरी नोटीस येते, वडिलांना फोन जातात, मनस्ताप होतो. त्यापेक्षा दंडाची ओळ खोडून, शेजारी सही करून मगच कागद द्या. खोडू देत नसतील तर सही करू नका.

तशी नोटीस आलीच, तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

एक प्रसंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, मिरजेचा एक क्वालिटी इंजिनिअर आहे. कुपवाडच्या कारखान्यात तीन वर्षं, पॅकेज साडेचार लाख. महिन्याच्या तीन तारखेला पुण्याच्या एका कन्सल्टन्सीचा फोन येतो : चाकणची ऑटो कंपनी, सप्लायर क्वालिटीची जागा, सहा लाखांपर्यंत. नाव सांगत नाहीत. तो ‘येस’ लिहितो. आठ तारखेला दुसऱ्या कन्सल्टन्सीचा फोन येतो : पुण्याजवळची मोठी कंपनी, सप्लायर क्वालिटी, साडेपाच ते सहा. तो पुन्हा ‘येस’ लिहितो. दोन संधी आल्या म्हणून घरी पेढेही येतात.

जागा एकच असते. कंपनीच्या सिस्टिममध्ये दुसरा सीव्ही चढवताना मोबाइल नंबर आणि ईमेल जुळतात आणि ‘डुप्लिकेट’ अशी खूण येते. एचआरपुढे अजून पंधरा सीव्ही असतात. बिलावरून दोन कन्सल्टन्सींचा वाद सोडवत बसण्यापेक्षा ती हा सीव्ही बाजूला ठेवते. उमेदवाराला कुणी काही कळवत नाही, दोन्हीकडून फक्त ‘प्रोफाइल अंडर रिव्ह्यू’ येत राहतं.

हे आठ तारखेलाच ओळखता आलं असतं. पद तेच, पगाराची कमाल तीच, भाग तोच, आणि दुसऱ्या फोनवर सांगितलेलं पुरवठादारांकडे महिन्यातून दहा दिवस फिरण्याचं कामही तेच. एवढं जुळलं की दुसऱ्या कन्सल्टन्सीला म्हणायचं, ‘तीन तारखेला याच्यासारख्या एका जागेसाठी मी संमती दिली आहे. तुमची कंपनी कोणती ते सांगा, तीच असेल तर मला यातून वगळा.’ आणि पहिल्या कन्सल्टन्सीकडून कंपनीचं नाव त्याच दिवशी लेखी मागायचं.

गोंधळ होऊन गेला असेल तरी उपाय आहे. मी एचआरमध्ये असताना अशा वेळी उमेदवारालाच विचारायचो, संमती कुणाला दिली. ज्याच्याकडे तारखेचा, कंपनीचं आणि पदाचं नाव असलेला मेल असे, त्याचा प्रश्न पाच मिनिटांत सुटे. दोघांनाही एकच मेल पाठवायचा : ‘या कंपनीतल्या या पदासाठी माझी संमती अमुक तारखेला अमुक कन्सल्टन्सीला दिलेली आहे. दुसऱ्या कन्सल्टन्सीने माझं नाव कृपया मागे घ्यावं.’ तुम्हाला न विचारता नोकरी डॉट कॉमवरून सीव्ही उचलून कुणी परस्पर पाठवला असेल, तेव्हाही हाच मेल कामाला येतो. योग्य शब्दांतली संमती उमेदवाराच्या उपयोगाची असते असं सुरुवातीला म्हटलं, ते यासाठीच.

संमतीचा मेल असा लिहा

इंग्रजीत पाठवायचा असेल तर याचाच सरळ तर्जुमा करा :

‘आपण सांगितलेल्या (कंपनीचं नाव) येथील (पद, जागेचा क्रमांक, ठिकाण) या एकाच जागेसाठी माझी उमेदवारी मांडायला मी आपल्याला आजपासून तीस दिवस संमती देत आहे. या काळात या जागेसाठी मी दुसऱ्या संस्थेमार्फत जाणार नाही. माझे यापूर्वीचे अर्ज, कंपनीतल्या व्यक्तीने दिलेली शिफारस, रोजगार मेळावा आणि कॉलेजमार्फत होणारी निवड यांना ही संमती लागू नाही. माझं सध्याचं पॅकेज इतकं, अपेक्षा इतकी, नोटीस पिरियड इतका. सीव्ही पाठवण्याआधी त्याची प्रत मला दाखवावी आणि पाठवल्यावर तारीख कळवावी. इतर कोणत्याही जागेसाठी माझी वेगळी लेखी संमती घ्यावी.’

चांगली कन्सल्टन्सी या मेलवर एका ओळीत ‘ठीक आहे’ म्हणते, कारण तिला हवं ते सगळं यात आहे. कुणी फोन करून ‘असं चालत नाही, आमच्याच फॉरमॅटमध्ये द्या’ म्हटलं, तर त्यांचा फॉरमॅट मागवा आणि त्यात जागा, मुदत आणि वगळलेल्या गोष्टी या तीन ठिकाणी आपल्या ओळी घाला. सीव्ही पाठवल्याची तारीख आठ दिवसांत आली नाही तर एकदा विचारा. त्यानंतरही आली नाही, तर संमती मागे घेत असल्याचं मेलवर कळवून दुसऱ्या वाटेने अर्ज करा.

आणि एक वही ठेवा, किंवा फोनमध्ये साधी यादी : तारीख, कन्सल्टन्सी, बोलणाऱ्याचं नाव, कंपनी, पद, संमती संपायचा दिवस. फोन बहुतेक वेळा शिफ्टमध्ये, मशीनच्या आवाजात येतो, तेव्हा लगेच हो म्हणू नका. ‘संध्याकाळी मेल करतो’ म्हणा आणि आधी ती यादी उघडा.